अर्धा लिटरचं मडकं : वहिनीच्या पहिल्या ऑर्डरची सगळी हकीगत

आमची वहिनी डिचोलीची कुंभारीण. म्हणजे लग्न होऊन डिचोलीला आली, माहेर सावंतवाडीकडचं, तिथेही घरी मातीकामच. मी तिची धाकटी नणंद, नोकरीमुळे म्हापशाला राहते आणि शनिवार-रविवार घरी जाते. गेल्या वर्षी चवथीनंतर तिने पहिला व्हिडिओ टाकला आणि त्यावरून तिला पहिली ऑर्डर आली, सहा मडक्यांची. सहा म्हणजे काही फार नाही हे मला माहीत आहे, पण त्या सहा मडक्यांत जे जे झालं ते मी जवळून बघितलंय, आणि मातीकाम करणाऱ्या कुणीही ऑनलाइन विकायचा विचार केला तर नेमकं तिथेच अडकेल असं मला वाटतं, म्हणून सगळं लिहून ठेवतेय.

आधी वहिनीबद्दल. ती बोलत नाही. घरात बोलते, माझ्याशी तर तासन्‌तास बोलते, पण परका माणूस अंगणात आला की ही आत. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात माल घेऊन दादा बसतो, ही कधी बसली नाही. आमच्या बाबांच्या वेळी घरातल्या बायका माती मळायच्या, चाळायच्या, मडकी घोटायच्या, मडकी भाजायच्या आव्याला नारळाची सोडणं लावायच्या, पण चाकावर पुरुषच बसायचे. बऱ्याच कुंभार घरांत असंच होतं. वहिनी चाकावर बसायला लागली ती विजेचं चाक घरात आल्यावर, आणि तेही दुपारी सगळे झोपले की. तिचा हात इतका चांगला आहे हे दादालासुद्धा वर्षभराने कळलं.

घरचं मुख्य काम म्हणजे पणत्या, तुळशीच्या कुंड्या आणि घुमटाची भांडी. घुमट गोव्याबाहेरच्यांना माहीत नसेल तर सांगते, दोन्ही बाजूंनी उघडं असलेलं मातीचं भांडं, एका तोंडाला चामडं ताणून बसवतात आणि चवथीच्या आरतीला वाजवतात. पूर्वी घोरपडीचं चामडं असायचं, आता घोरपड मारायला कायद्याने बंदी आहे म्हणून बकऱ्याचं लावतात. बाबांनी आयुष्यभर घुमटाची भांडी केली, त्यामुळे भांड्यावर बोट मारून आवाज ऐकायचा त्यांचा कान तयार आहे. हे पुढे कामाला येतं म्हणून आत्ताच सांगितलं.

दह्याची मडकी वहिनीने स्वतःच्या मनाने सुरू केली. घरच्यासाठी. मातीला बारीक छिद्रं असतात, दह्यातलं पाणी त्यातून शोषलं जातं आणि दही घट्ट लागतं, हे कुणाला नवीन नाही. तिची मडकी छोटी, सपाट बुडाची, फ्रिजच्या कप्प्यात उभी राहतील अशी, बाहेरून गारगोटीने घोटून गुळगुळीत केलेली, आतून घोटलेली नाहीत, कारण आतून घोटली तर छिद्रं बुजतात आणि मग मातीच्या मडक्यात दही लावण्याचा अर्थच राहत नाही. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं, दोन्ही प्रकार करून दही लावून बघितलं आणि तिचं तिनेच ठरवलं.

व्हिडिओ टाक म्हणून मी दोन वर्षं मागे लागले होते. तिचं एकच, "तोंड दाखवायचं नाही, बोलायचं नाही, आणि गाणं लावायचं नाही." मी म्हटलं मग राहिलं काय. ती म्हणाली, "हात राहिले ना."

शूटिंग असं झालं. दुपारी तीनची वेळ, पडवीत चाक, ऊन डाव्या बाजूने तिरकं येतंय. फोन पोह्याच्या डब्याला टेकवून ठेवला, साधारण चाकाच्या उंचीला, म्हणजे वरून नाही तर समोरून, त्यामुळे मातीची भिंत वर चढताना दिसते. पहिल्यांदा मी वरून घेतलं होतं, त्यात नुसतं गोल फिरताना दिसत होतं आणि तिचं डोकं मध्ये येत होतं. मागे दोरीवर कपडे वाळत होते ते काढले. पंखा बंद केला कारण फोनमध्ये पंख्याचीच घरघर येत होती. मग फक्त तिचे हात, ओल्या मातीचा सळसळ आवाज, आणि शेवटी तीन सेकंद आव्यातून काढलेलं पक्कं मडकं हातात धरून त्यावर बोटाने टण्‌ करून मारलेलं. सगळं मिळून अडतीस सेकंद. ते शेवटचं टण्‌ तिची आयडिया. मला वाटलेलं कुणाला काय कळणार त्यातून.

कॅप्शन मी लिहायला घेतलं होतं, तिला आवडलं नाही. तिने स्वतः टाइप केलं, मला जसंच्या तसं आठवतंय: "दह्याचं मडकं. डिचोलीची माती. रंग नाही, पॉलिश नाही. अर्धा लिटर." एवढंच. पोस्ट करायचं बटण मात्र मला दाबायला लावलं आणि स्वतः विहिरीवर गेली.

चार दिवस काही झालं नाही. म्हणजे नातेवाईकांचे हात जोडलेले आणि फुलं, दोनशेच्या आसपास व्ह्यूज, माझ्या ऑफिसातल्या मैत्रिणींचं "किती सुंदर". बुधवारी रात्री मुंबईच्या एका बाईंचा मेसेज आला. मराठीतच होता. आम्हाला सहा हवीत, दिवाळीच्या आधी मिळतील का, आणि अर्धा लिटर म्हणजे आतून भरून अर्धा लिटर ना, कारण मी रोज अर्धा लिटरच्या पिशवीचं दही लावते.

या एका प्रश्नाने सगळं सुरू झालं. त्या बाईंनी सुंदर, कलात्मक वगैरे काही लिहिलं नव्हतं. त्यांच्या घरात रोज एक दुधाची पिशवी येते आणि ती ज्यात मावेल असं भांडं त्यांना हवं होतं, बस. त्यांनी मेसेज का केला असेल याचा मी नंतर खूप विचार केला आणि मला वाटतं कॅप्शनमधले ते शेवटचे दोन शब्द, अर्धा लिटर, तेच कामाला आले. माझ्या कॅप्शनमध्ये परंपरा होती, मातीचा सुगंध होता, माप नव्हतं.

वहिनीने उत्तर दिलंच नाही. गुरुवारी सकाळी मी फोन केला, म्हटलं वहिनी अगो उत्तर दे, माणूस वाट बघतंय. ती गप्प. मला वाटलं लाजतेय. मी जरा चिडलेच, म्हटलं मी लिहू का तुझ्या नावाने, "हो मिळेल" एवढंच तर लिहायचंय. तेव्हा ती म्हणाली, "बाय, ते अर्धा लिटर नाहीये."

तिने काय केलेलं, बुधवारी रात्री मेसेज वाचल्यावर व्हिडिओतलं तेच पक्कं मडकं घेतलं, मापाच्या भांड्याने पाणी ओतलं. काठापर्यंत भरलं तरी ३७५ मिलीच्या आसपास. अर्धा लिटर तर नाहीच, अर्ध्या लिटरचा पाऊण हिस्सा जेमतेम. आणि चाकावर ते मडकं तिने नीट बघून केलं होतं, शेजारी अर्धा लिटरचा स्टीलचा लोटा ठेवून, आतलं तोंड, पोट, उंची पट्टीने ताडून. ओलं होतं तेव्हा ते खरंच अर्धा लिटरचंच होतं.

माती आटते हे कुंभाराच्या घरात पोरालाही ठाऊक असतं. पण आमच्याकडे मापाने कधी काही विकलंच नव्हतं. तुळशीची कुंडी बोटभर लहान झाली तर कोण विचारतंय. बाजारात गिऱ्हाईक भांडं हातात घेतं, बघतं, पटलं तर नेतं, त्यामुळे ओलं किती होतं आणि पक्कं किती झालं हा हिशोब कधी लागलाच नाही. फोनवर विकताना गिऱ्हाइकाच्या हातात भांडं नसतं, फक्त तुमचा शब्द असतो, अर्धा लिटर म्हणजे अर्धा लिटर.

मी रविवारी गेले तेव्हा आम्ही दोघींनी बसून हे नीट मोजलं. खरं तर ती आधीच मोजत होती. मातीची एक चपटी पट्टी करून त्यावर सुरीने बरोबर १० सेंटीमीटरची रेघ ओढायची, सुकल्यावर रेघ मोजायची, भाजल्यावर परत मोजायची. नवीन पट्टीला वेळ लागला असता, पण व्हिडिओतलं मडकं ज्या मातीचं त्याच मातीची एक जुनी पट्टी होती, दादाने कौलांचा नमुना करताना अशीच रेघ मारून ठेवलेली. १० ची रेघ सुकल्यावर ९.२ झालेली आणि भाजल्यावर ९.१. मला वाटायचं माती आगीत आटते. तसं नाहीये, कमीतकमी आमच्या आव्यात तरी नाही, जवळजवळ सगळी आटणी सावलीत सुकतानाच होते, मातीच्या कणांमधलं पाणी जातं आणि कण एकमेकांना येऊन चिकटतात. लाकूड-सोडणाच्या आव्याची धग फार वर जात नाही, त्यामुळे आगीत फक्त थोडंसंच आणखी आटतं.

म्हणजे आटणी नऊ टक्के. मी लगेच म्हटलं मग ५०० चं ४५५ व्हायला पाहिजे, ३७५ कसं? इथे मी चुकले आणि बहुतेक जण चुकतील म्हणून सविस्तर लिहिते. नऊ टक्के ही रेघेची आटणी आहे. मडकं रेघ नाही, ते लांबीला आटतं, रुंदीला आटतं आणि उंचीलाही आटतं, तिन्हीकडून. १० सेंटीमीटर लांब-रुंद-उंच असा एक चौकोनी डबा धरा, त्यात बरोबर एक लिटर मावतं. प्रत्येक बाजू ९.१ झाली तर ९.१ गुणिले ९.१ गुणिले ९.१, येतात ७५३ मिली. म्हणजे रेघ नऊ टक्क्यांनी आटली की पोट चोवीस-पंचवीस टक्क्यांनी आटतं. ५०० च्या तीन चतुर्थांश, ३७७. वहिनीच्या मापाच्या भांड्याने बरोबर सांगितलं होतं.

उलटा हिशोब त्याहून सोपा निघाला. पक्कं झाल्यावर जे माप पाहिजे त्याला ०.९१ ने भागायचं, म्हणजे साधारण प्रत्येक माप दहा टक्क्यांनी मोठं करायचं. जुन्या ओल्या मडक्याचं पोट आतून १० सेंटीमीटर होतं ते ११ करायचं, उंची ८ होती ती ८.८. दहा टक्के ऐकायला काहीच नाही, पण ओल्या मडक्यात तेव्हा ६६० मिली मावतं. मातीचा गोळा ७०० ग्रॅमचा घ्यायची तो ८५० चा लागला, भिंत तेवढीच जाड ठेवून. वहिनी मला म्हणाली हे आकडे सगळ्या मातीला चालणार नाहीत, वाळू कमीजास्त झाली की बदलतील. खरंच आहे ते. वाळू आटत नाही, त्यामुळे मातीत वाळू जास्त असली की आटणी कमी. शेतातून नवीन माती आणली की नवीन पट्टी, नवीन रेघ.

पण हे सगळं रविवारचं. गुरुवारी संध्याकाळी, म्हणजे मेसेज आल्यानंतर एकोणीस-वीस तासांनी, हा हिशोब हातात नसतानाच तिने त्या बाईंना उत्तर लिहिलं होतं. मला विचारलं नाही. नंतर दाखवलं: "नमस्कार ताई. व्हिडिओतलं मडकं अर्धा लिटरचं नाही. मी ओलं असताना माप घेतलं, सुकल्यावर कमी झालं. काल पाणी भरून बघितलं, ३७५ भरतं. चूक माझी. तुम्हाला अर्धा लिटरचंच पाहिजे तर नवीन करते, तीन आठवडे लागतील. चालेल का?"

तिकडून दहा मिनिटांत आलं, चालेल, सहाच करा.

बाजारात न बसणाऱ्या माणसाने परक्या बाईला हे लिहिलं. मला तो मेसेज वाचताना गळा दाटून आला होता, आत्ता लिहितानाही तेच होतंय.

पैशांचं मात्र मलाच बसून करावं लागलं. तिने ८० रुपये म्हटलं, कारण बाजारात दादा तेवढ्याला देतो. मी विचारलं सहा पक्की हातात यायला किती करशील? म्हणाली दहा. मग दहाची माती, दहाची मेहनत, आव्यात दहाची जागा, आणि विकली जाणार सहा, म्हणजे न टिकणाऱ्या चारांचा खर्च या सहांवरच बसणार. बाजारातल्या ८० मध्ये तो बसत नाही, बाजारात तडा गेलेलंसुद्धा झाडाची कुंडी म्हणून खपतं, पार्सलने तडा गेलेलं पाठवता येत नाही. त्यात खोका, पेंढा, टेप. १८० ठरले, कुरिअर वेगळं आणि ते आधी सांगायचं. अर्धे पैसे आधी जीपेवर. तिने १८० टाइप करायला किती वेळ घेतला ते सांगत नाही, पण बाईंनी नुसतं "ओके" लिहिलं.

आता दहांपैकी किती टिकली ते.

चाकाचं काम दोन दुपारी झालं. मग सुकवणं, आणि चवथीनंतरचे ते दिवस गोव्यात फसवे असतात, सकाळी कडक ऊन, दुपारी अचानक सर, हवा दमट. उन्हात ठेवलं तर काठ आधी सुकतो, बूड ओलंच राहतं, काठ आकसतो आणि बूड आकसत नाही, आणि त्या ओढाताणीत चीर पडते. म्हणून पडवीच्या आतल्या कोपऱ्यात, वर जुनं लुगडं झाकून, दोन दिवसांनी उपडी करून. तरी एकाच्या बुडाला मधोमध चीर गेली, इंग्रजी एस अक्षरासारखी वळलेली. ती सुकवण्यातली चूक नव्हती, चाकावरच बूड नीट दाबलं गेलं नव्हतं, मातीचे कण तिथे सैल राहिले, आठ दिवसांनी दिसलं. ते मडकं पुन्हा पाण्यात टाकून माती केली, कच्चं असेपर्यंत ती एक सोय असते.

सुकलं की नाही हे वहिनी गालाला लावून बघते. मडक्याचं बूड गालावर धरायचं, गार लागलं तर आत अजून पाणी आहे, कारण पाणी उडताना गारवा देतं. हाताला कळत नाही, चाकावर बसून हात जाड झालेले असतात. नवव्या दिवशी सगळी गालाला लावली, दोन गार वाटली, एक अगदी थोडंसं. ती म्हणाली अजून दोन दिवस थांबूया. पण आवा दादाच्या दिवाळीच्या पणत्यांचा होता, ठरलेला होता, पणत्या हजारात होत्या आणि मडकी नऊ, त्यामुळे आवा थांबला नाही. तिने ती दोन आव्याच्या कडेला, त्यातल्या त्यात धग हळू चढते तिथे ठेवली.

पहिले तीन तास नुसता धूर करायचा असतो, ओलसर सोडणं घालून, म्हणजे उरलेलं पाणी हळूहळू निघून जाईल. घाई केली तर मडक्याच्या भिंतीत अडकलेल्या पाण्याची वाफ होते, बाहेर पडायला वाट मिळत नाही, आणि भिंत फुटते. मी त्या दिवशी तिथेच होते. दुसऱ्या तासाच्या शेवटी आतून फट्ट असा आवाज आला, फटाक्यासारखा. वहिनी काही बोलली नाही, फक्त चुलीशी बसल्यासारखी बसली आणि पुढचा पाऊण तास एकही लाकूड आत सरकवू दिलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी आवा गार झाल्यावर उघडला तेव्हा ते गार वाटणारं एक मडकं तुकडे होऊन पडलेलं, आणि त्याचा तुकडा उडून शेजारच्याच्या काठाला लागलेला, तिथे टवका. दुसरं गार वाटलेलं मात्र ठणठणीत निघालं. नऊची सात झाली. रंग सगळ्यांचा छान तांबडा, फक्त एकाला बाजूने काळा डाग, जिथे राखेत दाबलं जाऊन हवा पोचली नव्हती. आमच्या मातीत लोह आहे, हवा मिळाली तर लाल होते, नाही मिळाली तर काळी. डागाने दह्याला काही होत नाही, फोटो काढून बाईंना विचारलं, त्या म्हणाल्या मला ते डागवालं आवडलं.

मग बाबा. मडकी बाबांपुढे ओळीने ठेवली, त्यांनी एकेक डाव्या हाताच्या तळव्यावर घेऊन, तळवा सैल ठेवून, उजव्या बोटाच्या पेराने मारलं. टण्‌, टण्‌, टण्‌, आणि पाचव्याला बद्द. मला फरक अर्धवटच कळला. बाबांनी ते बाजूला ठेवलं. बघून त्यात काहीच दिसत नव्हतं, मी खिडकीपाशी नेऊन फिरवून फिरवून बघितलं. पाणी भरून रात्रभर वर्तमानपत्रावर ठेवली. मातीचं मडकं बाहेरून ओलं होणारच, सगळ्यांच्या खाली कागद दमट झाला होता, गोल, सारखा. बद्द आवाजवाल्याच्या खाली मात्र एका बाजूला ओघळ होता आणि मडक्यावर केसाएवढी एक ओली रेघ उठलेली. घाम सगळीकडून सारखा येतो, चीर एका रेघेत गळते.

राहिली सहा. बरोबर सहा, मला वाटलं झालं. वहिनीने मग मापाच्या भांड्याने सगळी भरून बघितली. ५०५, ४९५, ५००, ५१०, ४९० आणि शेवटचं ४५०. ते शेवटचं तिने दुसऱ्या दुपारी शेवटी केलं होतं, गोळा न तोलता. मी म्हटलं ४५० ला काय होतंय, दूध थोडं कमी घालतील. ती म्हणाली, "त्यांची पिशवी फुटून कमी येणार आहे का?"

तिने परत मेसेज केला. पाच अर्धा लिटरची झाली, सहावं ४५० चं आहे, पुढच्या आव्यात नवीन करून देऊ की कसं. बाईंनी विचारलं, व्हिडिओतलं ते छोटं आहे का अजून? होतं. त्यात आमच्याच घरी दही लागत होतं. ते पाठवा, म्हणाल्या, नातवाला वेगळं साखरेचं दही लावते. त्याचे १२० घेतले. ४५० चं आमच्या घरी राहिलं.

पॅकिंगबद्दल थोडंच सांगते, कारण यात डोकं एकदाच लावावं लागतं. प्रत्येक मडक्यात वर्तमानपत्र ठासून भरायचं, मग बाहेर पेंढा, पेंढा उन्हात खडखडीत वाळवलेला नाहीतर मडक्याला बुरशी लागते, आणि दोन मडक्यांच्या मध्ये तीन-चार सेंटीमीटर, कारण मडकं धक्क्याने कमी आणि शेजारच्या मडक्यावर आपटून जास्त फुटतं. खोका बंद करून हलवला, आत काही सरकलं नाही पाहिजे. मग वहिनीने तो स्वतः गुडघ्याच्या उंचीवरून पडवीत टाकला. मी ओरडले. ती म्हणाली फुटायचं तर इथेच फुटू दे. उघडला, नीट होतं, परत बांधला.

कुरिअरवाल्याकडे मला धक्का बसला. वजन सगळं मिळून साडेचार किलोच्या आत, पैसे सहा किलोचे. बरोबरच होतं त्यांचं, हलक्या पण मोठ्या पार्सलला ते खोक्याच्या आकारावरून वजन धरतात, लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची सेंटीमीटरमध्ये, भागिले ५०००. आमचा खोका ४५ बाय ३३ बाय २०, येतात जवळजवळ सहा किलो. आम्ही बाईंना साडेचारच्या हिशोबाने आकडा सांगितला होता, वरचे पैसे वहिनीने घातले, परत मागितले नाहीत. आता खोका ठरवल्याशिवाय कुरिअर सांगायचं नाही असं ठरलंय.

पाचव्या दिवशी बाईंचा फोटो आला, सहाही मडकी ओट्यावर, अखंड. वहिनीने त्यांना आधीच लिहून पाठवलं होतं की पहिल्यांदा रात्रभर पाण्यात बुडवून ठेवा, मग तांदळाच्या पेजेने आतून धुवून सुकवा, साबण लावू नका कारण माती साबण पिते आणि दह्याला वास येतो, आणि गॅसवर चढवू नका, हे त्यासाठी केलेलं नाही.

चाकाच्या वर भिंतीला आता एक बांबूची काडी टांगलेली आहे. तिच्यावर सुरीने खुणा आहेत, ११ ला एक आणि ८.८ ला एक, आणि टोकाला निळा दोरा, म्हणजे ही काडी या मातीची. नवीन माती आली की नवीन काडी आणि वेगळा दोरा. दादाने त्या दिवशी सहज विचारलं पणत्यांना पण करूया का तशी.

दोन दिवसांनी बाईंचा दुसरा फोटो आला, दह्यात चमचा उभा राहिलेला. मी म्हटलं वहिनी आता थँक्यू तरी लिही. तिने लिहिलं, "मडक्याच्या खाली ताटली ठेवली आहे ना ताई? पहिले चार-पाच दिवस पाझरेल."